रविवार आणि 'रविवारी तरी'

ठरलेली भेट पुढे गेली की कवींची चंगळ होते. आमच्या गझलेचं अर्धं दुकान त्यावरच चालतं. तिनं वादा केला, ती आली नाही, मग शिकवा, म्हणजे तक्रार आणि रुसवा. मैफलीत याला दाद मिळते. पण हीच तक्रार मोबाईलवरच्या चार ओळींच्या निरोपात उतरली की दाद मिळत नाही, उलट पुढची भेटही अडचणीत येते. आज मी त्या चार ओळींबद्दल बोलणार आहे. भेट समोरच्यानं पुढे ढकलली आहे, आपल्याला नवा दिवस सुचवायचा आहे, भेटीची गंमत टिकवायची आहे आणि मनातली चरफड दिसू द्यायची नाही. तो निरोप कसा लिहायचा?

आपल्या भागातलंच एक उदाहरण घेऊ. मुलगा कळसाडीचा, मुलगी नंदुरबारची. साखरपुडा झालेला, लग्न उन्हाळ्यात. मार्गशीर्षात दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, घोडेबाजार पुढे बरेच दिवस चालतो. रविवारी दोघांनी यात्रेत भेटायचं ठरवलं. घरच्यांची परवानगी निघाली. आणि शनिवारी संध्याकाळी मुलीचा निरोप आला, 'बाबांच्या पथारीवर पाऊस आला. उद्या जमणार नाही. सॉरी.'

नंदुरबारकरांना पथारी म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो. ओली लाल मिरची विकत घेऊन ती मोकळ्या मैदानावर पसरून वाळवतात, त्या जागेला आपल्याकडे पथारी म्हणतात. अर्धवट वाळलेल्या मिरचीवर अवकाळी पाऊस पडला की ती डागाळते, तिला बुरशी येते, भाव पडतो. तेव्हा घरातलं लहानथोर ताडपत्र्या घेऊन धावतं. अशा वेळी मुलीनं तीन वाक्यं लिहिली, हेच पुष्कळ.

आता मुलानं काय उत्तर द्यावं? बहुतेक मुलं असं लिहितील, 'ठीक आहे. काम महत्त्वाचं. पुढच्या रविवारी तरी जमेल ना?' वरवर पाहता यात एकही वाईट शब्द नाही. पण मराठी भाषा फार चलाख आहे. ती राग मोठ्या शब्दांत ठेवत नाही, बारक्या शब्दांत लपवते. 'रविवारी भेटू' हे आमंत्रण आहे. 'रविवारी तरी भेटू' ही फिर्याद आहे. त्या 'तरी'मध्ये 'या वेळी तू आली नाहीस' हे सगळं मावलेलं असतं. 'परत', 'एकदाचं', 'नेहमीप्रमाणे' हे त्याचेच भाऊबंद. 'काम महत्त्वाचं' या वाक्यात न लिहिलेला 'मी नाही' ऐकू येतो. शेवटचा 'ना' तर वचन वसूल करायला दारात बसलेला सावकारच.

म्हणून निरोप लिहून झाला की आधी हे बारके शब्द शोधावेत. ते काढले आणि वाक्याचा अर्थ तसाच राहिला, तर समजावं की ते अर्थासाठी नव्हतेच, रागासाठी होते.

दुसरी गोष्ट, एका निरोपात सगळं कोंबू नये. शनिवारी संध्याकाळी मुलगी ताडपत्री ओढते आहे. त्या क्षणी तिला नवी तारीख विचारणं म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक पाटी देणं. तेव्हा लगेच जायचा निरोप फक्त एवढाच, 'आधी मिरच्या झाका. मी काही वाळत घातलेलो नाही, भिजणार नाही!' यात तिचं कारण मान्य झालं, थोडं हसूही आलं आणि तिच्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. कारणाची चौकशी नाही, 'किती पाऊस झाला, दुसरं कुणी नव्हतं का' असली उलटतपासणी नाही.

नव्या दिवसाचा निरोप मग मंगळवारी, ऊन पडून मिरची पुन्हा पसरली गेल्यावर. तो मी असा लिहीन, 'सारंगखेड्याला चक्कर मारून आलो. एका पांढऱ्या घोड्याला सांगितलंय, पाहुणीबाई येत्या रविवारी अकराला दत्तमंदिरापाशी येतील. जिलेबीचं दुकान हेरून ठेवलंय, चव तुझ्यासोबत. मिरचीनं सुट्टी दिली नाही तर त्यानंतरचा बुधवार. घोडा रुसत नाही, मी विचारलंय.'

हा निरोप नीट पाहा. दिवस, वेळ आणि जागा तिन्ही स्पष्ट आहेत. 'बघू कधीतरी' म्हटलं की उत्सुकता विझते, कारण कधीतरीची वाट कुणी पाहत नाही. पर्याय दोनच आहेत. पाच दिले की निवडण्याचंच काम होऊन बसतं. हुकलेल्या भेटीतली एक गोष्ट, म्हणजे जिलेबी, शिल्लक ठेवून पुढच्या भेटीला जोडली आहे, त्यामुळे भेट मोडली असं न वाटता लांबली असं वाटतं. आणि रुसव्याचा विषय घोड्याच्या नावावर ढकलून हसत संपवला आहे.

त्यात आणखी एक बारकावा आहे. मुलगा स्वतः यात्रेला जाऊन आला. 'तुझ्याशिवाय मी गेलोच नाही' असं लिहिलं असतं तर ते गोड वाटलं असतं, पण त्याचं ओझं तिच्या खांद्यावर गेलं असतं. आपलं वाट पाहणं हे समोरच्याचं कर्ज होता कामा नये. मी मजेत आहे, तू आलीस की मजा वाढेल, एवढंच पोचायला हवं.

हा सूर काही आजचा शोध नाही. मिर्झा गालिब यांची पत्रं 'ऊद-ए-हिंदी' या नावानं १८६८ साली पुस्तकरूपानं आली. पत्राला आपण गप्पांचं रूप दिलं, असं ते अभिमानानं सांगत. गझलेत शिकवा करणारा हा माणूस पत्रात मात्र समोर बसून बोलावं तसा मोकळेपणानं बोलतो. शेर लिहिताना आणि निरोप लिहिताना हात वेगळा हवा, हे त्यांना ठाऊक होतं.

या खेळकरपणालाही मर्यादा आहेत. कारण आजारपणाचं किंवा दुःखाचं असेल तर घोडा आणि जिलेबी दोन्ही बाजूला ठेवावीत, 'सावकाश कळव' एवढंच लिहावं. निरोप वाचल्याची निळी खूण दिसली आणि उत्तर आलं नाही, तरी दुसरा निरोप लगेच पाठवू नये. गंमत एकदाच गंमत असते, दुसऱ्यांदा ती तगादा होते.

आणि उत्तर वाचायलाही शिकावं. समोरचा माणूस 'रविवारी नाही, पण सोमवारी?' असं म्हणत असेल तर ओढ दोन्हीकडून आहे. पण भेट दोन-तीनदा पुढे गेली, नवा दिवस दर वेळी आपणच सुचवला आणि उत्तर फक्त 'बघू' एवढंच आलं, तर तो नकारच आहे, भिडेपोटी हळू आवाजात दिलेला. तिथं आणखी चतुर निरोप लिहीत बसू नये. 'तुला जमेल तेव्हा तू सांग' असं एकदा लिहून थांबावं, आणि त्यातही 'तरी' नको. चिडचिड न दाखवणं म्हणजे ती दाबून पुन:पुन्हा दार वाजवणं नव्हे. समोरच्याला 'हो' म्हणायला जेवढी मोकळीक आपण देतो, तेवढीच 'नाही' म्हणायलाही द्यायला हवी.