शेकड्याचं चित्र : गोल नको, ओळी काढा
(मस्तगड येथील मासिक बैठकीत क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मला तुमच्याशी टक्क्यांबद्दल बोलायचंय. टक्के म्हटलं की लगेच काही जणी अध्यक्ष ताईंकडे बघायला लागतात, म्हणजे हे काम हिशोब लिहिणारीचं, आपलं नाही. पण मला सांगा, "शेकडा दोन रुपयांनी कर्ज दिलं" हे आपल्या गटात कुणाला कळत नाही? ज्या माऊलीने कधी शाळेचं तोंड पाहिलं नाही, तिलाही कळतं. शंभराला दोन. म्हणजे टक्का आपल्याला येतो. अडचण येते ती कागदावरच्या चित्रात.

आरोग्याच्या प्रशिक्षणात, आराखड्याच्या बैठकीत आपल्याला एक गोल दाखवतात. त्याचे रंगीत तुकडे केलेले असतात आणि शेजारी बारीक अक्षरात कोणता रंग कशाचा ते लिहिलेलं असतं. आपण मान हलवतो आणि घरी येतो.

ह्या गोलाचं काय चुकतं ते आधी नीट बघू. गोल म्हणजे भाकरीच. अर्धी भाकरी आणि चतकोर भाकरी आपली नजर बरोबर ओळखते, कारण रोज हाताने मोडतो. म्हणून पन्नास टक्के किंवा पंचवीस टक्के असतील तर गोल चालतो, मी त्याला नावं ठेवणार नाही. पण आकडा जरा इकडे तिकडे झाला की नजर चुकते.

एक खरा आकडा घेऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून बायांचं रक्त तपासलं जायचं. १५ ते ४९ वयाच्या बाईचं हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल, आणि ती गरोदर असेल तर ११ पेक्षा कमी, तर रक्त कमी आहे असं धरतात. महाराष्ट्रात २०१५-१६ साली अशा बाया शेकडा ४८ निघाल्या. त्याच्या पुढच्या, २०१९-२१ च्या सर्वेक्षणात शेकडा ५४. म्हणजे मधल्या काळात गोष्ट सुधारली नाही, बिघडली.

आता ह्याचे दोन गोल काढा आणि शेजारी शेजारी ठेवा. पहिल्यात अर्ध्या भाकरीपेक्षा चिमूटभर कमी, दुसऱ्यात चिमूटभर जास्त. दोन्ही अर्ध्या भाकरीच दिसतात. शंभरात सहा बाया वाढल्या हे त्या चित्रात कुणालाच दिसत नाही. शिकलेल्यालाही नाही. तो शेजारचा आकडा वाचतो म्हणून त्याला कळतं, चित्रामुळे नाही. ज्या बाईला आकडा वाचता येत नाही तिच्या हातात काय राहिलं? एक रंगीत गोल.

दुसरी गोष्ट. भाकरीचा तुकडा बघितला की मनात येतं, हा वाटा कुणाचा? पण इथे वाटा नाहीच कुणाचा. इथे बाया आहेत. मग बायाच काढू.

एका ओळीत दहा बाया, अशा दहा ओळी. झाल्या शंभर. पहिल्या चित्रात चार ओळी पूर्ण आणि पाचवीतल्या आठ बाया वेगळ्या रंगवा. दुसऱ्यात पाच ओळी पूर्ण आणि सहावीतल्या चार. आता दोन्ही कागद भिंतीला लावा. पहिल्यात पाचवी ओळ भरायला दोन बाया कमी पडतात, दुसऱ्यात पाचवी भरून सहावी सुरू झालेली दिसते. लांबून दिसतं, बोट ठेवून मोजता येतं, आणि मोजायला फक्त दहापर्यंत यावं लागतं.

ही युक्ती नवी नाही. शंभर एक वर्षांपूर्वी, १९२५ साली, युरोपात व्हिएन्ना शहरात ऑटो नॉयराथ नावाच्या माणसाने एक संग्रहालय सुरू केलं. घरं किती बांधली, आजार किती, पगार किती, हे साध्या कामकरी लोकांना कळावं म्हणून. त्यांच्याबरोबर मारी रायडेमायस्टर नावाच्या बाई होत्या. आकड्यांच्या ढिगातून नेमकं काय दाखवायचं आणि ओळी कशा मांडायच्या, हे त्या ठरवायच्या. हेच खरं अवघड काम. पुढे दोघांचं लग्न झालं. नॉयराथ वारल्यानंतर १९५० च्या दशकात ह्याच बाईंनी पश्चिम नायजेरियात जाऊन तिथल्या लोकांसाठी चित्रांचं काम केलं. त्यांचा पहिला नियम असा होता : वस्तू जास्त असेल तर चित्रं जास्त काढा, चित्र मोठं काढू नका.

हा नियम का, ते सांगते, कारण आपल्याकडे पोस्टरवर ही गडबड फार दिसते. समजा पहिल्या वर्षी गटाची बचत एक पोतं आणि दुसऱ्या वर्षी दोन पोती. चित्र काढणारा काय करतो, दुसरं पोतं दुप्पट उंच काढतो. उंच काढलं की ते रुंदही दुप्पट होतं. मग कागदावर ते जागा किती खातं? चौपट. अंगणात एक वीतभर चौकोनाची रांगोळी काढा आणि शेजारी दोन वीत चौकोनाची, रांगोळीच्या डब्यालाच विचारा किती लागली. बघणारीला वाटतं बचत चौपट झाली. म्हणून एकाच मापाची दोन पोती काढायची.

आता आपल्या बैठकीसाठी हा तक्ता कसा करायचा. दुकानात मिळतो तो मोठा चार्ट पेपर घ्या. त्यावर पाच पाच सेंटिमीटरची घरं आखा, आडवी दहा, उभी दहा. शंभर बाया हाताने काढत बसू नका. एकसारख्या येणार नाहीत आणि एखादी जाड आली की सगळ्या तिच्याकडेच बघतील. बटाटा अर्धा कापून त्यावर बाईचा साधा आकार कोरा, डोकं आणि लुगड्याचा घेर, बस्स. नाक डोळे नको. शाईत बुडवून ठसे मारा. दर पाच ठशांनंतर बोटभर जास्त जागा सोडली तर मोजणं सोपं जातं. बटाटा नको असेल तर टिकल्यांची पाकिटं आणा, पण सगळ्या एकाच मापाच्या.

रंगवायचं ते डावीकडून सुरू करून सलग. काही ठिकाणी "खऱ्यासारखं दिसावं" म्हणून रंगवलेल्या बाया इकडे तिकडे विखुरतात. मला ते पटत नाही. विखुरल्या की मोजता येत नाही आणि जास्तच वाटतात.

रंगाबद्दल मात्र थांबून विचार करा. रक्त कमी असलेल्या बाया लाल रंगवल्या तर काय होईल? लाल म्हणजे रक्त. बघणारी म्हणेल, ह्या चोपन्न जणींत रक्त भरपूर आहे, बाकीच्या बिचाऱ्या रिकाम्या. एकदम उलटा अर्थ. म्हणून ह्या तक्त्यात मी सांगते की रक्त कमी असलेली बाई रिकामी ठेवा, नुसती रेषेची, आणि रक्त बरोबर असलेली भरा. आधी चोपन्न रिकाम्या येतील, मग सेहेचाळीस भरलेल्या. मग ठसे दोन लागतील, एक पोकळ आणि एक भरीव. झेरॉक्स काढली तरी हा फरक टिकतो. लाल हिरवा झेरॉक्समध्ये एकच होऊन जातो. तक्त्याखाली मोठ्या अक्षरात एकच वाक्य लिहा : "महाराष्ट्रातल्या दर १०० बायांपैकी ५४ जणींचं रक्त कमी." मूळ आकडा ५४.२ आहे, पण बाईचा पाचवा हिस्सा काढत बसू नका.

शंभर काढायचा कंटाळा येतो, दहाच काढू का, असं तुम्ही विचाराल. कधी कधी चालतं. "दहापैकी तीन" हे लक्षात ठेवायला शंभरापेक्षा सोपं. पण आपलंच उदाहरण घ्या. ४८ म्हणजे दहात जवळपास पाच. ५४ म्हणजेही जवळपास पाच. दोन्ही चित्रं सारखी आली, बिघडलेली गोष्ट दिसेनाशी झाली. म्हणून एकच आकडा सांगायचा असेल तर दहा, दोन आकड्यांची तुलना असेल तर शंभर. आणि तुलना करताना दोन्हीकडे एकूण सारखंच हवं. एका कागदावर दहापैकी तीन आणि दुसऱ्यावर वीसपैकी पाच काढलं, तर पाच जास्त दिसतात. खरं म्हणजे दहापैकी तीन हेच जास्त, कारण वीसपैकी ते सहा होतात.

गटाच्या आतल्या गोष्टीला तर टक्के लागतच नाहीत. समजा गटात १२ जणी आणि ह्या महिन्यात ९ जणींनी हप्ता वेळेवर भरला. हिशोबात ते ७५ टक्के. पण भिंतीवर शंभर बाया कशाला? बारा काढा, नऊ भरा. तिघी राहिल्या हे समोर दिसतं. कोण त्या तिघी ते चित्रात लिहू नका, नावं घालून भिंतीवर लावणं बरं नाही. ते वहीत असतंच.

तक्ता झाला की कळला का, हे कसं ओळखायचं? "समजलं का?" असं विचारू नका, सगळ्या हो म्हणतात. ज्या ताईंना वाचता येत नाही त्यांना शेजारी बसवा आणि म्हणा, "मावशी, ह्यात काय दिसतंय ते मला सांगा." त्या म्हणाल्या "शंभरातल्या निम्म्याहून जास्त बायांना रक्त कमी", तर तक्ता बरोबर. त्या म्हणाल्या "आपल्या गावात चोपन्न बाया आजारी", तर वरचं वाक्य बदलायला हवं. ही गफलत माणसाचं चित्र काढलं की होतेच, कारण चित्रातली बाई खरी बाई वाटते. तेव्हा सांगायचं, हा राज्याचा शेकडा आहे. आपल्या गावाचा कमी असेल किंवा जास्त, तो आपल्याला तपासणी केल्यावरच कळेल.

जिथे ओळी चालत नाहीत तेही सांगते. हजारात एखादी गोष्ट घडते, अशा आकड्याला हजार ठसे लागतील. तिथे तोंडी सांगा, "आपल्यासारख्या अमुक गावांत मिळून एक". आणि पावसाचं किंवा वर्षभरातल्या बचतीचं चढउतार दाखवायचं असेल तर ते ह्या तक्त्याचं काम नाही.

व्याजाला मात्र ओळी फार छान बसतात. शंभर रुपयांची नाणी काढा, दहा ओळी. महिन्याला शेकडा दोन म्हणजे दोन नाणी रंगवा. पुढच्या महिन्याला आणखी दोन. मुद्दल तसंच ठेवलं तर बारा महिन्यांनी दोन ओळी पूर्ण आणि चार नाणी, म्हणजे चोवीस रुपये. "दोन टक्के" ऐकायला हलकं वाटतं. कुणी सावकार किंवा कंपनीवाला "फक्त अडीच टक्के महिना" म्हणत दारात आला, तर त्याच्यासमोरच हा कागद काढा आणि अडीच अडीच करत बारा वेळा रंगवा. तीन ओळी भरतील.

पुढच्या बैठकीला प्रत्येक गटाने एक तक्ता करून आणायचाय. विषय तुमचा : हप्ते, शौचालय, मुलींची शाळा, काहीही, पण आकडा स्वतः मोजलेला हवा. चार्ट पेपर कार्यालयात मिळतील. बटाटे घरून आणा.