दुपारचे साडेचार वाजले की टेबल कुठे असावं?

मी बंगळुरात घरांच्या आतल्या भागाची थ्रीडी चित्रं, म्हणजे रेंडर, तयार करते. आज फक्त एका कोपऱ्याबद्दल बोलणार आहे. बेडरूममध्ये एक टेबल, त्यावर लॅम्प, वर दोन फळ्या आणि बाजूच्या खिडकीतून येणारा उजेड, असा घरातल्या ऑफिसचा कोपरा. असं चित्र तुम्ही शंभरदा पाहिलं असेल. ते छानच दिसतं. प्रश्न असा, की त्यातला उजेड तुमच्या खोलीत कधी येतो का?

हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण टेबल प्लायमध्ये भिंतीला ठोकलं जातं आणि विजेचे पॉइंटही त्याच हिशोबाने काढले जातात. सुतार गेला की टेबल हलत नाही. रेंडर जर फक्त सुंदर दिसण्यासाठी केला असेल, तर ऊन कुठे पडेल हे चित्र बनवणाऱ्याच्या मर्जीवर ठरतं. सूर्य मात्र आपल्या वाटेने जातो.

आपण एक खोली घेऊ. पूर्व-पश्चिम ११ फूट, उत्तर-दक्षिण १० फूट. पश्चिमेच्या भिंतीच्या मधोमध ४ फूट रुंद खिडकी, जमिनीपासून ३ फुटांवर सुरू होऊन ७ फुटांपर्यंत. बाहेर दीड फुटाचा छज्जा. टेबल ४ फूट लांब, २ फूट खोल, अडीच फूट उंच. उजेड बाजूने हवा, म्हणून टेबल खिडकीसमोर नाही आणि खिडकीकडे पाठ करूनही नाही. उरल्या दोन जागा, उत्तरेची भिंत किंवा दक्षिणेची. दोन्हीकडे खिडकीपासून दीड फूट सोडून टेबल सुरू होतं.

उत्तरेच्या भिंतीला तोंड करून बसलं, तर पश्चिम डाव्या हाताला येते. उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी डावीकडून उजेड चांगला, हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. त्यामुळे बहुतेक जण डोळे झाकून उत्तरेची भिंत निवडतात. आता सूर्याला विचारू.

मी ब्लेंडर वापरते. त्यात सूर्याची जागा काढणारं `Sun Position` नावाचं ॲड-ऑन आहे. त्याला इतकंच सांगायचं:

```
Latitude   12.97
Longitude  77.59
UTC        +5.5
```

त्यानंतर तारीख, वेळ आणि उत्तर दिशा. सगळ्यात जास्त घोळ उत्तर दिशेत होतो. फोनचा कंपास लोखंडी ग्रिलजवळ किंवा सळईच्या खांबाजवळ भरकटतो, म्हणून दिशा बिल्डरच्या नकाशावरच्या बाणावरून घ्या आणि उपग्रहाच्या नकाशावर इमारत बघून ताडून पाहा. सेटिंग बरोबर आहे की नाही, याची एक सोपी परीक्षा आहे. बंगळुरात २४ एप्रिलच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो, साधारण १२ वाजून १७-१८ मिनिटांनी. जमिनीवर एक उभा खांब ठेवा आणि ती वेळ लावा. सावली नाहीशी झाली पाहिजे. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी आपल्या गावाचे आकडे टाकायचे. मुंबईत सूर्य माथ्यावर यायला बंगळुरापेक्षा सुमारे १९ मिनिटं जास्त लागतात.

आता २१ डिसेंबर लावू. दुपारी अडीच वाजता टेबलाच्या उंचीवर ऊन खिडकीपासून जेमतेम २ फूट आत येतं. साडेचार वाजता सूर्य क्षितिजापासून १८-१९ अंशांवर उतरलेला असतो आणि तेच ऊन १० फूट आत, म्हणजे जवळजवळ समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचतं. सकाळी अकराचा रेंडर बघून टेबल ठरवणाऱ्याला हे कधीच दिसत नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. डिसेंबरात त्या वेळी सूर्य बरोबर पश्चिमेला नसतो, पश्चिमेपासून ३० अंश दक्षिणेकडे असतो. म्हणून ऊन खोलीत तिरकं शिरतं आणि उत्तरेकडे सरकतं. आत जाणाऱ्या दर फुटामागे सुमारे ७ इंच. उत्तरेच्या टेबलावर याचा परिणाम असा, की मधल्या भागात अर्धं टेबल उन्हात आणि बसणाऱ्याचा डावा गालही उन्हात. व्हिडिओ कॉलवर अर्धा चेहरा पांढराफटक. थेट उन्हाचा उजेड एक लाख लक्सच्या घरात जातो, खिडकीतून तिरकं आलेलं त्याहून कमी, पण टेबलावर कामाला ३०० ते ५०० लक्स पुरतात. हा फरक डोळ्यांना झेपत नाही.

दक्षिणेच्या टेबलावर मात्र त्याच क्षणी ऊन नाही. खिडकीची दक्षिणेकडची कड त्या भिंतीपासून ३ फुटांवर आहे, आणि ऊन तिथून आणखी दूर जातं. टेबलाला मिळतो तो आकाशाचा आणि भिंतींवरून परतलेला शांत उजेड. मार्चअखेरपर्यंत हे असंच चालतं. एप्रिलपासून त्या वेळचा सूर्य पश्चिमेच्या उत्तरेला जातो आणि तिरकं ऊन दक्षिणेकडे वळतं. एप्रिल ते ऑगस्ट दक्षिणेच्या टेबलालाही चारनंतर पडदा लागतो. पण जूनपासून ढग बरेचदा मदतीला येतात, उलट डिसेंबर ते मार्च आकाश बहुधा मोकळं असतं. म्हणून या खोलीत मी दक्षिणेची भिंत निवडेन.

पण दक्षिणेला तोंड केलं की खिडकी उजवीकडे आली. हाताची सावली कागदावर पडणार. इथे लॅम्प कामाला येतो. तो टेबलाच्या डाव्या टोकाला ठेवायचा, म्हणजे तो ही सावली पुसतो. फळ्या टेबलाच्या वरच्या भिंतीवर चालतील, पण खिडकी आणि टेबल यांच्यामधल्या दीड फुटात उभं कपाट नको. उजेड तिथूनच येतो.

रेंडर खरा आहे का, हे कसं ओळखायचं? पहिली खूण लॅम्प. खोलीत लख्ख ऊन आणि तरी लॅम्पखाली सोनेरी वर्तुळ ठळक दिसत असेल, तर लॅम्प फुगवलेला आहे. ब्लेंडरमधले वॅट हे विजेच्या बिलातले वॅट नव्हेत. ८०० ल्युमेनच्या साध्या एलईडी बल्बसाठी पॉइंट लाइटला दोनच्या आसपास वॅट पुरतात. दुसरी खूण सावल्या. खुर्चीच्या पायाची सावली खिडकीच्या विरुद्ध बाजूला न जाता भलतीकडे जात असेल, तर कुठेतरी लपवलेला दिवा आहे.

तिसरी गोष्ट चित्राबाहेरची आहे. समोरची इमारत मॉडेलमध्ये ठोकळा म्हणून तरी घाला. आपल्या उदाहरणात ती १५ फुटांवर असेल आणि खिडकीच्या वरच्या कडेपेक्षा ६ फूट उंच असेल, तर डिसेंबरचं साडेचारचं ऊन येतच नाही. मग उत्तरेची भिंतही चालेल आणि डावीकडचा उजेडही मिळेल. मात्र तिथे काही बांधलेलं नसून रिकामा प्लॉट असेल, तर हा हिशोब आजचा आहे, इमारत उभी राहिली की बदलेल.

तेव्हा रेंडर करून घेताना एक सुंदर चित्र मागू नका. चार मागा: २१ डिसेंबर आणि २१ जून, दोन्ही दिवशी सकाळी १० आणि दुपारी साडेचार. कॅमेरा एकाच जागी, लपवलेले दिवे बंद. ती चार चित्रं शेजारी ठेवा, टेबल कुठे हवं ते कळेल. मग सुताराला बोलवा.