पारंपरिक? नाही हो, शांताबाईंचं!

हेडफोन लावलेत ना? आज गाण्याबद्दल बोलायचंय, पण सुरांबद्दल नाही. गाण्याखाली जे चार शब्द आपण घाईघाईत टाइप करतो, त्यांच्याबद्दल.

झालं असं, की भिवंडीत एका मित्राच्या हळदीला आम्ही पोरांनी 'मी डोलकर डोलकर दर्याचा राजा' गायलं. बॅन्जो, ढोलकी आणि एका वहिनींचा खणखणीत आवाज. रेकॉर्डिंग चांगलं झालं म्हणून अपलोड करायला मी बसलो. 'संगीतकार' या रकान्यात मी बिनधास्त लिहिलं, 'पारंपरिक कोळीगीत'. आमच्या भागातल्या प्रत्येक हळदीत हे गाणं वाजतं, मग पारंपरिकच असणार, नाही का?

मित्राच्या मामांनी फोन हातात घेतला, वाचलं आणि म्हणाले, "अरे, पारंपरिक कसलं? शांताबाईंचं गाणं आहे हे."

खरंच होतं. शब्द शांता शेळके यांचे, चाल हृदयनाथ मंगेशकरांची, आणि मूळ ध्वनिमुद्रणात लता मंगेशकर आणि हेमंत कुमार गायलेत. गाणं लोकांच्या तोंडी इतकं रुळलं की कर्त्यांची नावंच गळून पडली. पण 'पारंपरिक' लिहिणं म्हणजे 'याचा कुणी मालक नाही' असं जाहीर करणं. शांताबाई २००२ साली गेल्या. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०६२ संपेपर्यंत आहे. हृदयनाथजींची चाल तर त्यांचीच आहे.

मग नोंद कशी करायची? एकच गोष्ट लक्षात ठेवा. गाणं म्हणजे दोन वेगळ्या वस्तू असतात: रचना आणि ध्वनिमुद्रण. रचना शांताबाईंची आणि हृदयनाथजींची. ध्वनिमुद्रण आमचं. म्हणून 'कलाकार' या रकान्यात आमच्या ग्रुपचं नाव, 'संगीतकार' या रकान्यात हृदयनाथ मंगेशकर, 'गीतकार' या रकान्यात शांता शेळके. बॅन्जोचे तुकडे आम्ही नवे बसवले, तर आमचं नाव फार तर 'संगीत संयोजन' मध्ये. बॅन्जोवर चार जागा घेतल्या म्हणून कुणी संगीतकार होत नाही (आमच्या बॅन्जोवाल्याला हे पटवायला वेळ लागला).

आयएसआरसी हा बारा अक्षरांचा क्रमांक ध्वनिमुद्रणाचा असतो, त्यामुळे कव्हरला नवा लागतो. जुन्या रेकॉर्डिंगचा क्रमांक उचलून लावला, तर आपलं गाणं त्या जुन्या रेकॉर्डिंगच्या नावावर जमा होऊ शकतं.

आता लतादीदींचं नाव कुठे? शीर्षकात आणि कलाकारात तर नाहीच. सर्चमध्ये वर यावं म्हणून टॅगमध्ये 'लता मंगेशकर' घालायचा मोह मलाही झाला होता. पण दीदींचा आवाज शोधणारा माणूस आमच्याकडे येतो आणि फसतो. कॉपीराइट कायद्यातलं कलम ३१सी कव्हरबद्दलच आहे. त्या कलमाखाली काढलेल्या रेकॉर्डिंगच्या कव्हरवर पूर्वीच्या गायकाचं नाव किंवा चित्र चालत नाही, आणि 'कव्हर व्हर्जन' असं लिहावं लागतं. तो नियम अल्बम काढणाऱ्यांसाठी लिहिलाय, पण शिस्त म्हणून आपल्यालाही उपयोगी. वर्णनात साधं वाक्य पुरतं: 'मूळ ध्वनिमुद्रण वेगळं आहे, हे आमचं सादरीकरण आहे.'

फाइलमध्येही नावं घालून ठेवायची असतील तर लॅपटॉपवर एवढंच:

```
mid3v2 --TIT2 "मी डोलकर (कव्हर)" \
  --TCOM "हृदयनाथ मंगेशकर" \
  --TEXT "शांता शेळके" dolkar.mp3
mid3v2 -l dolkar.mp3
```

दुसरी ओळ तपासायला. पण हे टॅग फाइलपुरते. यूट्यूब ते वाचून वर्णनात टाकत नाही, तिथे सगळं हातानेच भरायचं.

नावं शोधायची कुठे? पहिल्या पाच सर्च रिझल्टवर जाऊ नका, ते एकमेकांची कॉपी असतात. 'आठवणीतली गाणी' ही साइट बघा, आणि यूट्यूबवर कंपनीनेच चढवलेल्या जुन्या रेकॉर्डिंगखालची श्रेयनामावली बघा. दोन्ही जुळली तरच लिहा. इंग्रजीत लिहिताना स्पेलिंगही तिथलंच घ्या. Hridaynath की Hrudaynath, असा घोळ झाला की शोधताना एकाच माणसाचे दोन माणूस होतात.

आणि एक कडू गोष्ट. श्रेय दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं होत नाही. वर्णनात सगळं नीट लिहिलं तरी व्हिडिओवर हक्काचा दावा आला, कारण चाल ओळखली गेली. तो दावा योग्यच होता. व्हिडिओ राहिला, पण त्यातून पैसे मिळणार असले तर ते हक्कदारांकडे जातील. 'कॉपीराइटचा भंग करण्याचा हेतू नाही' हे वाक्य आमच्याही वर्णनात होतं, त्याने काही फरक पडला नाही. कराओके ट्रॅक वापरला असता तर त्या ट्रॅकच्या मालकाचा वेगळा दावा आला असता.

मामांना दुरुस्त केलेलं वर्णन पाठवलं. त्यांचा रिप्लाय आला: "आता वहिनींचं नावही घाल, गायल्या त्या आहेत." ते मी विसरलोच होतो. घातलं.