वाढलेले आयुष्य आणि त्यातील निरोगी वर्षे

(एका व्याख्यानाचा संपादित अंश)



वाकून नमस्कार केला की ‘शतायुषी हो’ असा आशीर्वाद आपल्याकडे मिळतो. यजुर्वेदातील प्रार्थना मात्र अधिक सावध आहे. नुसते शंभर शरद जगण्याचे मागून ती थांबत नाही. तितकी वर्षे पाहता, ऐकता, बोलता यावे आणि दीन न होता राहता यावे, असेही ती मागते.

आजचे शास्त्र हाच भेद दोन आकड्यांत मांडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९मध्ये, म्हणजे कोरोनापूर्वी, भारताचे सरासरी आयुर्मान ७०.८ वर्षे होते आणि निरोगी आयुर्मान ६०.३. ही तफावत म्हणजे अखेरची साडेदहा वर्षे अंथरुणावर, असा अर्थ आमची पत्रकार मंडळी सर्रास लावतात. तो चुकीचा आहे. या हिशेबात प्रत्येक व्याधीला तिच्या तीव्रतेनुसार भार दिलेला असतो. समजा, एका व्याधीचा भार एक दशांश आहे. ती दहा वर्षे अंगावर काढली, तर निरोगी आयुष्यातून एक वर्ष वजा होते. तरुणपणचा रक्तक्षय, चाळिशीतली पाठदुखी, नैराश्य हे सारे त्या साडेदहा वर्षांत मिसळलेले आहे. म्हणून वार्धक्याची तयारी साठीनंतर सुरू करणे हा उशीरच होय.

याच आकडेवारीतील स्त्री-पुरुष तुलना मला अधिक अस्वस्थ करते. पुरुषांचे आयुर्मान ६९.५ आणि स्त्रियांचे ७२.२ वर्षे, पण निरोगी आयुर्मान अनुक्रमे ६०.३ आणि ६०.४! म्हणजे आपल्या माता-भगिनींना अधिक मिळालेली पावणेतीन वर्षे जवळजवळ सगळी व्याधींच्याच हिशेबात गेली. आपल्या घरांत पत्नी बहुधा वयाने लहान असते. पतीचे आजारपण ती निभावते. तिची पाळी येते तेव्हा ती एकटी असते, मुलगा परगावी असतो आणि स्वतःची गुडघेदुखी तिने वर्षानुवर्षे कोणाला सांगितलेली नसते.

आता शासकीय नियोजनाकडे पाहू. २०२४मध्ये आयुष्मान भारत योजना सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता खुली झाली. पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु ही योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या उपचारांची आहे. अर्धांगवायूचा झटका आलेल्या गृहस्थांचे उदाहरण घ्या. रुग्णालयातील दिवस योजनेत बसतात. त्यानंतर घरी येणारी फिजिओथेरपिस्ट, दिवसपाळीची आया, नोकरी सोडलेली सून, हे कुटुंबाच्याच माथी येते आणि तेही अनेक वर्षे. मुळात असे झटके पुष्कळदा वर्षानुवर्षे न तपासलेल्या रक्तदाबातून येतात. त्यावरच्या गोळ्या स्वस्त आहेत. मात्र त्रास जाणवत नाही म्हणून त्या मध्येच सोडल्या जातात.

मोतीबिंदूचे उदाहरण याच्या उलट आहे. ती शस्त्रक्रिया मृत्युदराच्या आकड्यात फारशी दिसणार नाही. पण आजी पुन्हा एकटी देवळात जाते, स्वतःच्या गोळ्या ओळखते, अंधारात पडून खुब्याचे हाड मोडून घेत नाही. संपर्काला जाल तेव्हा घरातील ज्येष्ठांचा रक्तदाब शेवटचा कधी मोजला आणि घरातल्या आईला नीट दिसते का, एवढे दोन प्रश्न अवश्य विचारा.