भिंतीआडचा फोन

(शाळेच्या विज्ञान मंडळात गुरुजींनी केलेले भाषण)

मुलांनो,

1960 साली आपल्या मॉरिशसमध्ये कॅरोल नावाचे मोठे चक्रीवादळ आले. लाकडाची व पत्र्याची असंख्य घरे पडली. त्यानंतर लोक काँक्रीटची घरे बांधू लागले. या घरांच्या भिंती जाड असतात आणि छतात लोखंडी सळयांची जाळी असते. ती वादळाला दाद देत नाहीत. पण मोबाइल फोनच्या लहरींनाही अडवतात.

फोन आणि टॉवर रेडिओ लहरींनी एकमेकांशी बोलतात. काँक्रीटमधून जाताना या लहरी क्षीण होतात. धातू तर त्यांना परत फिरवतो. लिफ्ट म्हणजे धातूची पेटीच! तळघराभोवती तर मातीही असते.

समजा, रोझ हिलमधील एका घरात आजीच्या खोलीत फोनवरचे बोलणे तुटते. आता बूस्टर आणावा का? थांबा. आधी फोन घेऊन घरभर फिरा आणि त्यावरच्या रेघा मोजा. आजीच्या खोलीत एक, खिडकीपाशी तीन, गच्चीवर चार. म्हणजे लहरी घरापर्यंत येतात, पण भिंत त्यांना अडवते. अशा वेळी खिडकीपाशी बसून बोलावे. घरात वाय-फाय असेल व फोन कंपनी सोय देत असेल, तर वाय-फायवरून फोन करावा. बहुतेक वेळा एवढ्याने काम भागते.

बूस्टरचा एक अँटेना गच्चीवर असतो, दुसरा खोलीत. मधले यंत्र लहरींना बळ देते. पण गच्चीवरच लहरी नसतील, तर ते बळ कशाला देणार?

दुसरी अडचण ऐका. कार्यक्रमात मायक्रोफोन कर्ण्याजवळ नेला की कर्णकर्कश शिटी वाजते ना? कर्ण्यातला आवाज पुन्हा मायक्रोफोनमध्ये शिरतो. दोन अँटेना फार जवळ बसवले, तर बूस्टरचेही असेच होते. ती शिटी आपल्याला ऐकू येत नाही, पण टॉवरला त्रास होतो. मग शेजाऱ्यांचे फोनही अडखळतात. त्यात एखादा रुग्णवाहिकेसाठी 114 क्रमांक फिरवत असला तर?

म्हणून बाजारातला कोणताही बूस्टर स्वतः बसवू नये. आपल्या देशात रेडिओ लहरींच्या वापरावर आयसीटीए या संस्थेची देखरेख असते. आधी फोन कंपनीला विचारावे आणि परवानगी असलेलेच यंत्र जाणकाराकडून बसवून घ्यावे.

आता लिफ्टचे. घरातला बूस्टर तिथे उपयोगी पडत नाही. लिफ्ट अडकली, तर फोनची वाट पाहू नका. घंटेचे चित्र असलेले बटण दाबा, दार ओढू नका आणि मदत येईपर्यंत आतच थांबा.

करून पाहा : मोठ्यांच्या परवानगीने एक फोन बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. झाकण लावून दुसऱ्या फोनवरून त्याला फोन करा. तो वाजला, तर लहरी कोणत्या फटीतून आत शिरल्या असतील ते शोधा.