वाढदिवसाचा मेल

कंपनीत पाचशे माणसं असली की वाढदिवसाचे मेल ‘मेल मर्ज’नेच जाणार. नाव एक्सेलच्या रकान्यातून येतं, पण नुसतं नाव बदललेला मजकूर लगेच ओळखू येतो. म्हणून आणखी एक रकाना ठेवा. त्यात टीमप्रमुखानं आठवडाभर आधी स्वतः एक वाक्य लिहावं: ‘मार्चअखेरचा बिलांचा घोळ तुम्ही निस्तरलात.’ रकाना रिकामा राहिला, तर गुळगुळीत वाक्य भरू नका. प्रमुखाला आठवण करून द्या.

तारीखही तपासा. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी अनेकांची जन्मतारीख 1 जून लावून टाकली. यादीत त्या दिवशी गर्दी दिसली, तर खरा वाढदिवस त्यांनाच विचारा. कुणाला शुभेच्छा नकोच असतील, तर तशीही नोंद ठेवा.