मोदकाचा एक फोटो आणि त्याचा बाजार
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपल्या ग्रुपवर रोज इतके सुंदर फोटो येतात, की 'हे विकता येतील का?' हा प्रश्न मला आजवर अनेकांनी विचारला आहे. उत्तर एका फोटोच्या आधारे देतो. समजा, गणपतीत तुमच्या घरी उकडीचे मोदक होताहेत आणि तुम्ही फोटो काढताय.

पहिला फोटो ताटातल्या एकवीस मोदकांचा. असे हजारो फोटो शटरस्टॉक आणि ॲडोबी स्टॉकवर आधीच पडून आहेत. दुसरा फोटो पारीला कळ्या पाडणाऱ्या बोटांचा. तो विकला जाण्याची शक्यता जास्त, कारण त्यात काम घडताना दिसतं. तो घेताना एका बाजूला साधी, मोकळी जागा सोडा. जाहिरात करणाऱ्याला तिथे 'शुभेच्छा' लिहायच्या असतात. आणि फोटो गणपती येण्याच्या दोन-तीन महिने आधी साइटवर हवा. म्हणजे यंदाचे मोदक पुढच्या वर्षी विकायचे!

आता हाच फोटो नाकारला कसा जातो ते पाहा. तपासणारा तो 100% मोठा करून बघतो. मोबाइलवर छान दिसणारा फोटो तिथे उघडा पडतो. फोकस बोटांवर नसून मागच्या पातेल्यावर असतो, किंवा स्वयंपाकघरातल्या कमी उजेडामुळे सावलीत रंगीत दाणे दिसतात, त्याला नॉइज म्हणतात. उपाय सोपा आहे, खिडकीजवळ बसा. दुसरं कारण, मागे पिठाच्या पिशवीवर दिसणारं कंपनीचं नाव. ती पिशवी आधीच उचलून ठेवा. तिसरं, एकाच क्षणाचे पंधरा फोटो पाठवणं. त्यातले खरोखर वेगळे दोन-तीनच निवडा.

फोटोत फक्त बोटं असतील, तर सहसा अडचण येत नाही. पण मोदक करणाऱ्या काकूंचा चेहरा दिसत असेल, तर जाहिरातीच्या वापरासाठी त्यांचं लेखी संमतीपत्र लागतं. त्याला मॉडेल रिलीज म्हणतात. लहान मूल असेल तर आईवडिलांची सही. घरचीच माणसं आहेत, सही कशाला, असं वाटतं. पण एकदा फोटो विकला गेला, की तो कुठे छापला जाईल हे आपल्या हातात राहत नाही. उद्या काकू एखाद्या तेलाच्या किंवा विम्याच्या जाहिरातीत दिसू शकतात. सही घेण्याआधी त्यांना हे नीट समजावून सांगणं, हे मी या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम मानतो. त्या नको म्हणाल्या, तर तो फोटो घरातच राहू द्या.

मग मिरवणुकीच्या गर्दीचं काय? हजारो लोकांच्या सह्या कोण घेणार? त्यासाठी एडिटोरियल हा वेगळा प्रकार आहे. तो फोटो बातमी, लेख, पाठ्यपुस्तक यांत वापरता येतो, जाहिरातीत नाही. त्यात गाव, तारीख आणि काय चाललं आहे ते अचूक लिहावं लागतं. तिथे फलक पुसून टाकणं, माणूस काढून टाकणं चालत नाही.

परवान्याबद्दल एक मोठा गैरसमज आहे. 'रॉयल्टी-फ्री' म्हणजे फुकट नव्हे. ग्राहक एकदा पैसे देतो आणि ठरलेल्या मर्यादेत पुन्हा पुन्हा वापरतो, एवढाच अर्थ. फोटोचा मालकी हक्क तुमच्याकडेच राहतो आणि तोच फोटो तुम्ही इतरांनाही विकू शकता. साध्या परवान्यात छापील प्रतींची मर्यादा साधारण 5 लाख असते. तो फोटो टी-शर्टवर किंवा मगवर छापून विकायचा असेल, तर ग्राहकाला जास्त पैशांचा वाढीव परवाना घ्यावा लागतो.

मिळतं किती? ॲडोबी स्टॉक फोटोच्या विक्रीचा 33 टक्के वाटा देतं. शटरस्टॉकवर 15 टक्क्यांपासून सुरुवात होते, विक्री वाढेल तसा वाटा 40 टक्क्यांपर्यंत जातो, पण दर 1 जानेवारीला पुन्हा पहिल्या पायरीवर. एका डाउनलोडचे दहा सेंटही मिळू शकतात. म्हणून या पैशांवर घर चालवण्याचा हिशेब मांडू नका. तोच फोटो वर्षानुवर्षं थोडा थोडा विकला जातो, म्हणून संग्रह वाढवत न्यायचा.

आता शेवटचं. आज इथे निघालेला आपला समूहफोटो कोणाला जाहिरातीसाठी विकायचा असेल, तर इथल्या प्रत्येकाची सही लागेल. सरांचीही. वर्गात प्रगतिपुस्तकावर त्यांची सही घेताना काय व्हायचं ते आठवा, आणि मग ठरवा!